दिव्याच्या दृश्याला आलेले रडू

‘ताई, चार महिन्यांपूर्वी वडील गेले तेव्हा मी रडले नाही. कागदपत्रे, नातेवाईक, आईची औषधे, सगळे कोरड्या डोळ्यांनी पार पाडले. परवा एका चित्रपटात मुलगी घर सोडून गेल्यावरही तिचा बाप रोज तिच्या खोलीतला दिवा लावतो, ते पाहून मला हुंदके आवरेनात. पती म्हणाले, “अगं, तो नट आहे.” ते मलाही माहीत होते. खऱ्या वडिलांसाठी नाही आणि खोट्या बापासाठी रडू येते, म्हणजे माझी माया खोटी का?’

नाही, तुमची माया खोटी नाही. मात्र तुमच्या पतींचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही, कारण कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये तोच प्रश्न फार नेटाने मांडला होता. त्याने दिलेले उदाहरण असे, की एखादा माणूस आपल्या बहिणीचे हाल सांगतो, आपला जीव कळवळतो, आणि मग तो म्हणतो, ‘मला बहीणच नाही.’ त्याच क्षणी आपली कळकळ विरून जाते. यावरून दिसते, की दुःख वाटण्यासाठी ते खरे आहे असा विश्वास लागतो. मग जे खोटे आहे हे आधीच ठाऊक असते, त्यासाठी रडणे हे सुसंगत कसे? रॅडफर्डचे उत्तर असे होते, की ते सुसंगत नाहीच. ती माणसाला स्वाभाविक असलेली एक विसंगती आहे.

मला हे पटत नाही. बहिणीच्या गोष्टीत आपण विश्वास ठेवलेला असतो, मदतीला धावण्याची तयारीही केलेली असते, आणि तो विश्वास मोडतो म्हणून कळकळ सरते. चित्रपटगृहात आपण तसा विश्वास मुळात ठेवलेलाच नसतो, तेव्हा मोडायला काही उरत नाही. शिवाय भावना जागवायला दर वेळी विश्वास लागतोच असे नाही. घट्ट कठड्यामागे उभे राहून खोल दरीत पाहताना, आपण पडणार नाही हे पक्के माहीत असूनही, पडण्याच्या नुसत्या कल्पनेने पोटात गोळा येतो. तुम्हाला रडवले ते त्या नटाने नव्हे. कुणीतरी परत येईल म्हणून रोज दिवा लावणे, या कल्पनेने रडवले, आणि ती कल्पना तुमच्या मनात खरोखरच होती.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरचे काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त यांनी रसाचा, म्हणजे नाटक-काव्यातून येणाऱ्या भावानुभवाचा, विचार करताना कालिदासाच्या शाकुंतलातील, बाणाच्या भीतीने पळणारे हरीण घेतले आहे. ते पाहताना प्रेक्षकाला जाणवणारे भय ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘ते हरीण भ्याले’ असेही नसते. ते कुणा एकाचे न राहता नुसते भय उरते. या ‘माझे-परके’ गळून पडण्याला आपले शास्त्रकार साधारणीकरण म्हणतात. रसाच्या आड येणारी सात विघ्नेही अभिनवगुप्तांनी सांगितली आहेत, आणि त्यांपैकी एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने माणूस ग्रासून जाणे.

तुमच्या दोन्ही प्रसंगांतला फरक मला इथे दिसतो. वडील गेले तेव्हा ते दुःख पूर्णपणे तुमचे होते आणि प्रत्येक क्षण तुमच्याकडून काहीतरी मागत होता: सही, उत्तर, निर्णय, आईला आधार. त्या खोलीतला दिवा मात्र तुम्हाला उठून लावायचा नव्हता. काही करायचे नव्हते, म्हणून नुसते वाटू देणे शक्य झाले. (अंत्यसमयी न रडणारी माणसे पुष्कळ असतात, आणि त्यावरून मायेचे माप निघत नाही.)

तरीही एक शंका उरते, आणि ती तुम्हीच तपासू शकाल. ते रडू त्या बापासाठी होते, की चित्रपट निमित्त झाला आणि तुम्ही आपल्या वडिलांसाठी रडलात? तो चित्रपट पुन्हा एकट्याने पाहा. दिव्याच्या दृश्याआधी दिग्दर्शकाने काय दाखवले, बाप कोणत्या हाताने दिवा लावतो, हे तुम्हाला स्पष्ट दिसत राहिले आणि त्याच जागी पुन्हा डोळे भरले, तर तो करुण रस आहे. पडद्यावरचे सगळे धूसर होऊन तुमच्याच घरातली खोली, तुमच्याच वडिलांचा आवाज पुढे आला, तर अभिनवगुप्त त्याला रस म्हणणार नाहीत. तो तुमचा चार महिने थांबलेला शोक आहे. दोन्ही मिसळलेले असणेही शक्य आहे, आणि मला तेच अधिक संभवनीय वाटते.

शोक असेल, तर चित्रपट बंद करून वडिलांविषयी आईशी बोला. तिच्याशी तुमचे बोलणे औषधांपलीकडे गेले आहे का, हे तुमच्या पत्रातून मला कळले नाही. रडू रोजच येऊ लागले, झोप आणि कामे अडू लागली, तर समुपदेशकाकडे जा. आणि पतींना ती दरीच्या कठड्याची गोष्ट सांगा. त्यांच्याही पोटात गोळा येत असेल.