ब्राउझर म्हणतो प्रमाणपत्र रद्द झालंय, तरी पान उघडावं का?

प्रश्न: सोलापुरात आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. सूत पुरवणाऱ्याच्या साइटवर पैसे भरताना NET::ERR_CERT_REVOKED येतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडतं. तिथून भरू का?

उत्तर: नका भरू. प्रमाणपत्र म्हणजे साइट खरी असल्याची ओळख. मुदत संपलेलं प्रमाणपत्र वेगळं. रद्द म्हणजे मुदत शिल्लक असताना देणाऱ्या संस्थेनेच ते मागे घेतलं. त्यामुळे संगणकाची तारीख बदलून काही होणार नाही.

यामागचं सगळ्यात वाईट कारण म्हणजे साइटची खाजगी चावी, म्हणजे प्रमाणपत्र आपलंच आहे हे सिद्ध करणारं गुपित, चोरीला जाणं. ती ज्याच्या हाती आहे तो तुमच्या वायफायच्या वाटेत बसून हुबेहूब तीच साइट दाखवू शकतो. पत्ता बरोबर, कुलूपही बरोबर, पण पासवर्ड आणि कार्डाचे आकडे त्याच्याकडे जातात. समोर मालक आहे की चोर, हे ब्राउझरला ओळखता येत नाही, म्हणून क्रोम इथे पुढे जाण्याचा दुवाच देत नाही.

दर वेळी चोरीच असते असं नाही. प्रमाणपत्रं देणाऱ्या Let's Encrypt या संस्थेला स्वतःच्या तपासणीतली चूक सापडली आणि मार्च २०२० मध्ये ३० लाखांवर प्रमाणपत्रं रद्द करण्याचं त्यांनी जाहीर केलं. पण तुमच्या केसमध्ये कारण कोणतं, हे पानावरून कळत नाही.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडतं, कारण रद्द प्रमाणपत्रांची यादी प्रत्येक ब्राउझर आपल्या पद्धतीने तपासतो. त्याच्या यादीत हे नसेल, एवढंच.

जुन्या बिलावरच्या नंबरवर पुरवठादाराला फोन करा, साइटवरच्या नव्हे. त्यांना नवी चावी बनवून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागेल. जुन्याच चावीवर घेतलं तर धोका तसाच राहतो. तिथे आधीच लॉगिन केलं असेल तर पासवर्ड बदला, पण साइट दुरुस्त झाल्यावरच.