इंजिनाचा दावा खरा की खोटा?

प्रश्न: ३२७°C आणि २७°C च्या मध्ये चालणारं इंजिन १००० जूल उष्णता घेऊन ६०० जूल कार्य देतं, असा दावा आहे. मला कार्नो कार्यक्षमता ९१.७% आली, म्हणून शक्य लिहिलं. उत्तर चुकीचं दिलंय. का?

उत्तर: तुम्ही 1 − 27/327 केलंत, तिथेच घोळ झाला. कार्नोच्या सूत्रात तापमान केल्विनमध्येच लागतं, कारण तिथे दोन तापमानांचं गुणोत्तर आहे आणि सेल्सिअसचं शून्य हे खरं शून्य नाही. नुसती वजाबाकी असती तर फरक पडला नसता.

२७३ मिळवा: ६०० K आणि ३०० K.

η = 1 − 300/600 = 0.5

म्हणजे १००० जूलमधून जास्तीत जास्त ५०० जूल कार्य. दावा ६०० चा आहे, म्हणून अशक्य.

पण उष्मागतिकीच्या कोणत्या नियमाने अशक्य, तेही लिहा. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. पहिला नियम मोडत नाही: ६०० कार्य, ४०० बाहेर टाकलेली उष्णता, बेरीज चोख. मोडतो तो दुसरा. उष्ण साठ्याची एन्ट्रॉपी 1000/600 = 1.67 J/K ने घटते, थंड साठ्याची 400/300 = 1.33 J/K ने वाढते. इंजिन दर आवर्तनात मूळ स्थितीत येतं, त्यामुळे त्याचा वाटा शून्य. एकूण एन्ट्रॉपी ०.३३ ने कमी झाली, आणि तसं घडत नाही.

५०० जूल घालून बघा, दोन्ही आकडे 1.67 येतात.