भोगावतीच्या दगडांवर फेल्ट की रबर?

राधानगरीकडं भोगावतीत गळ टाकायला उतरतो. शेवाळावरून पाय सटकतोय. बूट फेल्टच्या तळाचे घेऊ की रबरच्या?

फक्त दगडांवरच उभं राहायचं असेल तर फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या धाग्यांचा तळ, घ्या. आपल्या नदीतला काळा दगड पाण्यानं गुळगुळीत झालेला, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. साधं रबर त्या थरावरच तरंगतं. फेल्टचे मऊ धागे थर दाबून खालच्या दगडाला भिडतात.

पण काठावरच्या चिखलात आणि ओल्या गवतात हाच फेल्ट घसरगुंडी होतो. तुम्हाला उसाच्या बांधावरून उतरावं लागत असेल, तर खोल नक्षीचं रबर घेऊन त्यात कार्बाइडचे खिळे बसवा. खिळे शेवाळ फोडून दगड पकडतात. टोकं गोल झाली की पकड गेलीच समजा, मग ते बदलायचे. शिवाय फेल्ट लवकर वाळत नाही आणि एका नदीतलं शेवाळ दुसरीत नेतो.

बूट कुठलेही असोत, चालणं महत्त्वाचं. प्रवाहाकडं अंगाची एक कड करून पाय घासत सरका, उचलून टाकू नका. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा, एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. दगडाच्या माथ्यापेक्षा दोन दगडांमधली वाळू बरी, फक्त फटीत पाय अडकवू नका. ओढीच्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. आणि धरणाखाली पाणी गढूळ किंवा चढतंय असं दिसलं, तर गळ गुंडाळून आधी काठ गाठा.