मॅच बघताना नाडी १२८ : नातवाचं बरोबर, पण अर्धंच

पत्र

ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ७२. नातवाने दिवाळीत माझ्या हाताला स्मार्टवॉच बांधलं. २ नोव्हेंबर २०२५ ला बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल, त्यात आपल्या गावची स्मृती मानधना, म्हणजे मी टीव्हीसमोरून हलणार नव्हतेच. अमनजोतच्या हातून दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा झेल उडाला, पुन्हा उडाला आणि एकदाचा हातात बसला. टाळ्या वाजवून झाल्या आणि घड्याळ थरथरलं. पडद्यावर १२८! नातू म्हणाला, "आजी, घाबरू नकोस. घड्याळाला मॅच दिसत नाही. तू बसलेली आहेस आणि नाडी पळतेय, एवढंच त्याला कळतं. जिना चढल्यावर होतं तसंच हे, फक्त तू खुर्चीत बसून चढलीस." मला पटलं. पण त्याने कौतुकाने तो आलेख घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात एका जागी १६८ चा ठिपका आहे. पुण्याहून मुलाचा लगेच फोन, "आजपासून मॅच बंद." नातू तेव्हापासून गप्प गप्प आहे. मॅचआधी नाडी ७६ होती, संपल्यावर अर्ध्या तासाने ९२, पहाटे झोपेत ६४. छातीत दुखलं नाही, चक्कर आली नाही. बीपीची गोळी रात्री घेते, त्या रात्री घेतली की नाही ते आठवत नाही. मुलाचं ऐकू की नातवाचं?

उत्तर

आजी, नमस्कार. तुम्ही आकडे इतके नेटके लिहून पाठवलेत की माझं काम निम्मं झालं. बहुतेक पत्रांत फक्त सर्वांत मोठा आकडा असतो. नाडी आधी किती होती, नंतर किती वेळात खाली आली, हे कुणी लिहीत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते.

नातवाचं घड्याळाविषयीचं म्हणणं अगदी बरोबर आहे. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, तेवढा प्रकाश कमी परततो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. हात हलतोय की स्थिर आहे, हे त्याला दुसऱ्या एका सेन्सरवरून कळतं. काही घड्याळांत अशी सोय असते, की माणूस दहा मिनिटं हालचाल न करता बसलेला दिसला आणि तेवढा वेळ नाडी ठरवलेल्या मर्यादेच्या वर राहिली, तरच इशारा द्यायचा. तुम्ही फिरायला गेला असतात, तर हेच १२८ बघून ते गप्प राहिलं असतं.

आता त्या झेलाच्या वेळी आत काय झालं ते सांगते. हृदयात ठोक्याची सुरुवात करणारी एक छोटी गाठ असते. तिला मोकळी सोडली तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. आपण शांत असताना मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिला लगाम लावून ठेवते, म्हणून तुमचे ७६ असतात. चेंडू हवेत उडाला की पहिल्यांदा हा लगाम सैल पडतो, आणि तोही एकदोन ठोक्यांत. त्यानंतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात आणि नाडी शंभरच्या पुढे जाते. झेल पकडला गेला तरी ते ॲड्रिनॅलिन लगेच नाहीसं होत नाही, ओसरायला काही मिनिटं लागतात. त्यात तुमची मॅच एका झेलाने कुठे संपली! २९९ चं लक्ष्य होतं, वोल्वार्ड १०१ वर गेली, तरी पुढच्या तीन विकेट पडेपर्यंत तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरूनच बसला असणार. म्हणून अर्ध्या तासानंतरही नाडी ९२ होती. ती ९२ पर्यंत उतरली आणि झोपेत ६४ झाली, ही मला पत्रातली सर्वांत चांगली बातमी वाटली.

उत्साहाने पळणारी नाडी अशीच वागते. हळूहळू चढते, ठोके एका तालात राहतात आणि कारण संपलं की हळूहळू उतरते. ठोक्यांच्या विकारात बऱ्याचदा असं होत नाही. काही प्रकारांत ८० वरून क्षणात १६०-१७० वर उडी जाते, छातीत फडफड जाणवते, आणि ती थांबतेही तशीच अचानक. दुसऱ्या एका विकारात, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ठोक्यांना ताल उरतच नाही. एक लांब, दोन जवळ, मग एक चुकल्यासारखा. साठीनंतर तो बऱ्याच जणांत आढळतो, आणि तो पकडणं महत्त्वाचं, कारण त्यातून मेंदूचा झटका येऊ शकतो.

मग तो १६८ चा ठिपका? मुलाला त्याचीच धास्ती बसली आहे. तुम्ही लिहिलंय, झेल झाल्यावर टाळ्या वाजवल्या. मनगट एका ठेक्यात हललं की घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी तो ठेकाच मोजतं. त्यात हातात बांगड्या असतील तर टाळीसरशी घड्याळ मनगटाच्या हाडावर घसरतं, खाली फट पडते आणि बाहेरचा प्रकाश आत शिरतो. नातवाला आलेख मोठा करून बघायला सांगा. आजूबाजूला ११८, १२४, १२८ आणि मध्येच एकटा १६८ असेल, तर तो टाळ्यांचाच असण्याची शक्यता जास्त. पण १६८, १६५, १७० असे सलग काही मिनिटं असतील, तर ती गोष्ट वेगळी. तुमच्या वयाला जोर लावून चालतानाही नाडी साधारण १५० च्या आसपास थांबते, तेव्हा नुसतं बसून ती सलग १६८ राहिली तर तो मॅचचा परिणाम म्हणून सोडून देता येणार नाही. यापुढे घड्याळ बांगड्यांच्या वर, हाडापासून दोन बोटं कोपराकडे, जरा घट्ट बांधा. शक्य असेल तर बांगड्या नसलेल्या हातात.

नातवाचं चुकलं ते जिन्यापाशी. ही चूक साधी दिसते, पण तुम्हाला बीपी आहे म्हणून ती समजून घ्या. जिना चढताना पायाचे स्नायू काम करतात, त्यांच्या वाहिन्या रुंद होतात आणि हृदयाने जोराने ढकललेल्या रक्ताला जायला वाट मिळते. खुर्चीत बसून जीव टांगणीला लागतो तेव्हा नाडी तेवढीच पळते, पण स्नायू काही मागत नाहीत आणि पुष्कळ वाहिन्या उलट आवळतात. त्यामुळे बीपीचा वरचा आकडा चढतोच, खालचाही चढतो. आणि हे बीपी तुमच्या घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मला १२८ पेक्षा ती न आठवणारी गोळी जास्त खुपते. मॅच पावसामुळे उशिरा सुरू झाली, मध्यरात्रीपर्यंत चालली, जेवण पुढेमागे झालं असेल, चहा जास्त झाला असेल. अशा रात्री गोळी हमखास राहते.

तुमच्या मुलाची काळजी हवेतली नाही, हेही सांगते. २००६ चा फुटबॉल वर्ल्ड कप जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या सुमारे २.६६ पट होते, आणि सर्वांत जास्त सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत. पण त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना हृदयाच्या धमन्यांचा आजार असल्याचं आधीपासून माहीत होतं. म्हणून मॅच बंद करण्याआधी मुलाने विचारायला हवं, की आईला तसा आजार आहे का. ते फोनवरून ठरत नाही, तपासूनच ठरतं.

तेव्हा या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. नातवाला बरोबर न्या, आलेख त्यानेच दाखवू दे. बीपी मोजून घ्या, ईसीजी काढा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड जास्त काम करत असलं की थोड्या कारणाने नाडी जास्त पळते. जिना चढताना छाती भरून येते का, पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का, हे त्यांना आपणहून सांगा. आणि इशाऱ्याची मर्यादा तुमच्यासाठी किती ठेवायची तेही त्यांनाच विचारा. ती नातवाने अंदाजाने ठेवू नये.

नाडी बोटांनी बघायलाही शिकून घ्या. तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटं हलकेच ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. ताल चुकतोय असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोजा. घड्याळाने भलताच आकडा दाखवला की आधी हे करायचं.

डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं, तर मॅच खुशाल बघा. ज्या बाईने फायनल शेवटच्या विकेटपर्यंत बघितली, तिला पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवून बाहेरचा आरडाओरडा ऐकवायचा, यात कुणाच्याच हृदयाचं भलं नाही. फक्त बीपीची गोळी संध्याकाळच्या सत्राआधीच डबीतून काढून समोर ठेवा आणि ठरल्या वेळी घ्या. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. चालू मॅचमध्ये दर षटकाला मनगट बघू नका. आकडा बघून भीती वाटते आणि त्या भीतीने तोच आकडा आणखी चढतो. इशारा चालू राहू दे, पडदा बंद ठेवा.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर घड्याळ काहीही दाखवो, १०८ ला फोन करायचा. बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं, तेही यातच धरा. लक्षण काहीच नाही, पण मॅच संपून अर्धा-पाऊण तास शांत पडून राहिल्यावरही नाडी १२० च्या खाली येत नाही, तर त्याच रात्री डॉक्टरांना कळवा.

मुलाला उद्याच फोन करा आणि तपासणीची तारीख सांगा. त्याला "मॅच बघणारच" असं न म्हणता "ईसीजी काढतेय, तू रिपोर्ट बघ" असं म्हणा, म्हणजे त्याच्या काळजीला काम मिळेल. आणि नातवाला माझा निरोप द्या, की त्याने त्या रात्री तुम्हाला घाबरू दिलं नाही हे फार चांगलं केलं. पुढचा आलेख मात्र ग्रुपवर टाकण्याआधी तुम्हाला विचार म्हणावं.