भडंग नरम पडतंय, दोष पावसाचा की पॅकिंगचा? रिटर्नचा हिशोब बॅचवार

प्रश्न: कुपवाडला भडंगाच्या युनिटमध्ये अकाउंट आणि डिस्पॅच मीच बघतो. जूनपासून रिटर्न वाढलंय, क्रेडिट नोटा करून वैताग आलाय. मालक म्हणतात पावसाळ्यात भडंग नरम पडायचंच, सोडून दे. रिटर्न रजिस्टरला कारण आणि बॅच दोन्ही लिहितो, पण त्यातून नेमकं काय काढायचं ते कळंना. कोणी केलंय का असं?

उत्तर:

केलंय दादा, आणि ते पण भडंगाच्याच युनिटला, मिरजेच्या बाजूला, त्यामुळं तेच उदाहरण घेऊन सांगतो. आकडे जरा सोपे करून घेतलेत, बाकी सगळं तसंच.

सगळ्यात आधी तुमच्या रजिस्टरमधला कारणाचा कॉलम बघा, तो कोण भरतंय? बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिब्युटरनं जे सांगितलं तेच आपला पोरगा उतरवतो. आता डिस्ट्रिब्युटरला एक्सपायरीवर अर्धं क्रेडिट आणि डॅमेजवर पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर तो काय लिहिणार? सगळं डॅमेज. म्हणजे कारणाच्या कॉलममध्ये माल कसा होता ते नसतंच, तुमची क्रेडिट पॉलिसी काय आहे तेवढंच दिसतं. म्हणून दोन कॉलम करा, एक ‘पार्टीनं सांगितलेलं’ आणि दुसरा ‘आपण बघितलेलं’. पोतं आलं की त्यातली दहा-वीस पाकिटं आपल्या माणसानं स्वतः उघडून बघायची, चावून बघायचं, आणि मग कोड टाकायचा. कोड पाच-सहाच ठेवा, नरम, खवट, फाटलं, उंदरानं कुरतडलं, तारीख संपली, आणि न खपता परत. नरम आणि खवट ह्या दोघांना चुकूनसुद्धा ‘क्वालिटी’ नावाच्या एकाच कोडात कोंबू नका, कारण खवट वास निघाला तर माग तेलाच्या डब्याकडं नाहीतर शेंगदाण्याच्या लॉटकडं जातो, आणि नरम असेल तर बहुतेक वेळा पाकिटात हवा कुठून शिरली तिकडं जातो. दोन्हीचा रस्ता पूर्ण वेगळा.

बॅच नंबर पुसलेला असेल तर अंदाजानं लिहू नका, ‘वाचता येत नाही’ अशी वेगळी ओळ ठेवा. आणि एक चेक करून घ्या, अमुक पार्टीकडून अमुक बॅच परत आलीये, पण तुमच्या बिलात ती बॅच त्या पार्टीला गेलेलीच नाही, असं किती वेळा होतंय? टॅलीत बिल करताना पोरं यादीतली पहिली दिसंल ती बॅच निवडून मोकळी होतात, त्यामुळं हे फार होतं. तसं असेल तर आधी डिस्पॅचला बॅच नीट टाकायची सवय लावा, नाहीतर पुढचा सगळा हिशोब वाळूवर.

आता हिशोब. नुसता रिटर्नचा आकडा बघायचा नाही, गेलेल्या मालाला भागायचं. त्या युनिटात सगळे १२ जूनच्या बॅचवर खापर फोडत होते कारण तिची १०८ पाकिटं परत आलेली, सगळ्यात जास्त. पण ती बॅच मोठी, ९,००० पाकिटं गेलेली, म्हणजे १.२ टक्के. १७ जूनची ८४च आली पण गेलेलीच २,८०० होती, म्हणजे सरळ ३ टक्के. आणि कारणानुसार फोडल्यावर तर चित्रच बदललं. १२ जूनच्या १०८ पैकी ७१ फाटलेली, ती पण एकाच पार्टीकडून, म्हणजे गाडीतला नाहीतर गोडाऊनमधला मामला, आपल्या पॅकिंगचा संबंध नाही. नरम फक्त १४. उलट १७ जूनच्या ८४ मध्ये ६२ नरम, म्हणजे गेलेल्या मालाच्या २.२ टक्के, जिथं चांगल्या बॅचला नरमचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या पण बरंच खाली होतं.

इथं एक गोष्ट सांभाळा. जूनची बॅच आणि ऑगस्टची बॅच आज शेजारी ठेवून तुलना करू नका, ऑगस्टचा माल अजून दुकानात लटकतोय, तो यायचाय. सगळ्या बॅच एकाच वयावर मोजा, म्हणजे पहिल्या डिस्पॅचपासून ६० दिवसांत आलेलं रिटर्न तेवढंच धरायचं, आणि जिला अजून ६० दिवस झाले नाहीत तिला थांबवायचं. एक्सेलमध्ये एवढंच पुरतं, रिटर्नच्या शीटला B मध्ये बॅच, D मध्ये आपला कोड, E मध्ये पाकिटं, F मध्ये डिस्पॅचपासूनचे दिवस, आणि दुसऱ्या शीटला A मध्ये बॅच, B मध्ये गेलेली पाकिटं:

```
=SUMIFS(Ret!$E:$E, Ret!$B:$B, $A2, Ret!$D:$D, "NARAM", Ret!$F:$F, "<=60") / $B2
```

तर नरमचं प्रमाण चढं असलेल्या तीन बॅच निघाल्या, ३, १७ आणि २४ जून. मग प्रॉडक्शन रजिस्टर काढून प्रत्येक बॅचपुढं लिहिलं, कुरमुऱ्याचा लॉट कुठला, तेल कुठलं, फिल्मचा रोल कुठला, मशीन कुठलं, ऑपरेटर कोण. नुसत्या वाईट बॅचचं लिहून उपयोग नाही हां, चांगल्या बॅचचं पण लिहा, कारण वाईट तिन्हीत जे सारखं आहे ते चांगल्यात पण असेल तर त्याला पकडून काय मिळणार. कुरमुऱ्याचे लॉट वेगवेगळे निघाले. फिल्मचा नवा रोल दोन वाईट बॅचला होता पण १२ जूनच्या बॅचला पण तोच होता, सुटला. मशीन मात्र तिन्हीला दोन नंबरचं.

पण दोन गाठी राहिल्या. १० जूनला पण दोन नंबरच चाललेलं आणि ती बॅच ठणठणीत. आणि ३ जूनला दोन्ही मशीन एकाच बॅच कोडवर चाललेली, मग कुठल्या मशीनचा माल खराब ते कसं सांगणार? दुसरी गाठ नशिबानं सुटली, दोन नंबरच्या पाकिटाची कड करवतीसारखी कापलेली असते आणि एक नंबरची सरळ, त्यामुळं परत आलेली ३ जूनची पाकिटं कड बघून दोन ढिगात टाकली आणि नरम जवळपास सगळी करवतवाल्या ढिगात गेली. मालकांचा पावसाचा मुद्दा पण इथंच संपला बघा. दमट हवेनंच नरम पडायचं असतं तर त्याच दुकानात, त्याच आठवड्यात, त्याच तारखेची एक नंबरची पाकिटं कुरकुरीत कशी राहिली? पाऊस दोघांवर सारखाच होता. म्हणजे पावसाचा काहीच हात नाही असं नाही, सीलला भोक असेल तर दमट हवेत नरमपणा लवकर येतो आणि उन्हाळ्यात तेच भोक लपून जातं, म्हणून तर दरवर्षी जूनलाच रिटर्न वाढतं आणि दरवर्षी पावसावर बिल फाटतं.

मग पाकिटं बादलीत बुडवून दाबली. बुडबुडे कुठून येतात हे नीट बघा, सगळी माहिती तिथंच असते. प्रत्येक पाकिटाला अगदी त्याच जागी गळत असेल तर सील दाबणाऱ्या जॉला खाच पडलीये नाहीतर टेफ्लॉन फाटलंय. मधली उभी शिवण आडव्या सीलला जिथं मिळते तिथं गळत असेल तर तिथं फिल्मचे थर जास्त असतात, ताप किंवा दाब कमी पडतोय. आणि आडव्या सीलवर कधी इथं कधी तिथं गळत असेल तर सीलमध्ये माल अडकतोय. इथं हे तिसरं निघालं, सील उलगडून उजेडात धरलं तर आत कुरमुऱ्याचा चुरा आणि चटणी दिसायची. आणि मग १० जूनची गाठ पण सुटली, त्या दिवशी अर्धा किलोची पाकिटं होती, मशीन सावकाश चाललेलं. बाकीच्या तीन दिवशी ऑर्डरचा रेटा म्हणून २०० ग्रॅमचं पाकीट मिनिटाला ४० च्या स्पीडनं, माल पूर्ण खाली पडायच्या आधीच जॉ मिटतोय. जड दाणे आधी खाली जातात, चुरा मागून तरंगत येतो आणि नेमका सीलमध्ये सापडतो.

उपाय साधा होता, स्पीड ३० वर आणला, जॉ मिटायचं टायमिंग थोडं मागं ढकललं, भरायच्या आधी माल चाळून चुरा काढला, आणि दर तासाला मशीन थांबवून जॉला ब्रश. स्पीड कमी केल्यावर मालकांची कुरकुर होणारच, तेव्हा त्यांच्यासमोर नरमच्या क्रेडिट नोटांची बेरीज, वर वाहतूक आणि फेकलेला माल, असा कागद ठेवा. तोंडी सांगून काही होत नाही.

तुम्ही म्हणाल आमच्याकडं कंट्रोल सॅम्पल ठेवतो, ते तर कुरकुरीत आहे, मग माल चांगलाच की. ह्यात बरेचजण फसतात. ३ टक्के पाकिटं गळकी असतील आणि तुम्ही बॅचची पाच ठेवत असाल, तर पाचीच्या पाची चांगली निघायची शक्यता शंभरात शहाऐंशी आहे. कंट्रोल सॅम्पल अख्ख्या बॅचचा दोष सांगतं, म्हणजे तेल खराब होतं किंवा कुरमुरे नीट भाजलेच नव्हते असलं काही. शंभरातल्या दोन-तीन गळक्या पाकिटांसाठी ते कामाचं नाही, त्यासाठी पॅकिंग चालू असतानाच दर अर्ध्या तासाला प्रत्येक मशीनची पाच पाकिटं बादलीत बुडवा. एकदम बारीक गळती बादलीत पण दिसत नाही, त्याला व्हॅक्युमचं टेस्टर लागतं, पण सुरुवात बादलीनं करा.

आणि बॅच कोडमध्ये मशीनचं अक्षर आजच टाकून घ्या, १७ जूनची दोन नंबरची असेल तर शेवटी B. जमलं तर प्रिंटरवर वेळ पण येऊ द्या. लेबलवर बॅच नंबर कायद्यानं टाकावाच लागतो, तर तो तुमच्या कामाला येईल असा टाका ना. सगळ्यांच्या मशीनची कड वेगळी नसते.

उपाय केल्यावर लगेच पुढच्या आठवड्याचं रिटर्न बघून खूश होऊ नका, आणि घाबरू पण नका, कारण जुना माल अजून महिना-दोन महिने येतच राहणार आणि रजिस्टरला नरम, नरम दिसतच राहणार. नवीन B बॅच ६० दिवसांच्या झाल्या की त्यांचं प्रमाण A शी लावून बघा.

तुमच्याकडं मशीन किती आहेत आणि एका दिवशी एकच बॅच कोड असतो का ते सांगा. जून-जुलैची बॅचवार गेलेली पाकिटं आणि नरमचा आकडा इथं टाकलात (पार्टीची नावं काढून) तर बघून सांगतो.