प्रश्न: कंपनीने डिव्हिडंड कमी दिला तर शेअरची किंमत वाढते की पडते? वॉल्टर मॉडेलमध्ये r आणि k मुळे नेमकं काय बदलतं?

परीक्षेपुरतं हवं असेल तर सूत्र हे:

```
P = [D + (r/k)(E - D)] / k
```

P म्हणजे शेअरची किंमत, D शेअरमागचा डिव्हिडंड, E शेअरमागची कमाई म्हणजे ईपीएस, r राखून ठेवलेल्या नफ्यावर कंपनी मिळवते तो परतावा आणि k भागधारकांची अपेक्षा. ईपीएस 10 रुपये आणि k 10% धरा. सगळा नफा वाटला तर किंमत 100 येते, r काहीही असो. काहीच वाटलं नाही तर r 15% असताना 150 येते आणि 8% असताना 80. म्हणजे r हा k पेक्षा जास्त तर पैसे कंपनीकडे राहू देत, कमी असेल तर वाटून टाका.

पण खरी मेख r कुठून काढायचा यात आहे आणि यावरून माझं आमच्या मेहुण्यांशी वर्षानुवर्षं वाजलंय. घरात एका इंजिनिअरिंग कंपनीचे शेअर होते, धंदा चांगला पण डिव्हिडंड नावापुरता. मेहुणे म्हणायचे, "अहो, आरओई बघा की, पैसे कंपनीतच वाढतायत, आपल्याला कशाला हवेत?" आरओई म्हणजे बुक व्हॅल्यूवर मिळणाऱ्या नफ्याचा टक्का. मी अॅन्युअल रिपोर्ट घेऊन बसलो. पाच वर्षांत कंपनीने शेअरमागे साधारण 40 रुपये ठेवून घेतले होते, बुक व्हॅल्यू 50 ची 90 झाली, आणि ईपीएस? 10 वरून 12. म्हणजे 40 रुपयांवर वाढीव कमाई 2 रुपये, फक्त 5%! आरओई 20 चा 13 वर आला तरी आमच्या 12% अपेक्षेच्या वरच दिसत होता, कारण जुना धंदा नव्याचं अपयश झाकत होता. पैसा गेला होता हॉटेल बांधण्यात. वर्षाला 2 रुपये 12% नं भागले तर जेमतेम 17 रुपये किंमत होते, म्हणजे आमच्या 40 चे 17 झाले. तेच 18% नं लावले असते तर 7.20 मिळून 60 झाले असते.

त्यामुळे माझं ठाम मत, एकूण आरओई बघून "कंपनी चांगली आहे, ठेवू दे पैसे" म्हणणं चूकच. ईपीएसमधली वाढ भागिले मधल्या वर्षांत राखलेला नफा, हे काढा. मेहुणे अजूनही म्हणतात हॉटेलला वेळ द्यायला हवा होता. नवीन प्लांटला दोन-तीन वर्षं द्यावीच लागतात हे मला मान्य, मंदीतला ईपीएस धरूनही हिशोब करू नये, पण पाच वर्षांनी 5%?

आणि हो, वॉल्टर बाहेरचं भांडवल नाही आणि r, k स्थिर असं धरतो. प्रत्यक्षात पैसा वाढत गेला की चांगले प्रोजेक्ट संपतात आणि r घसरतो, म्हणून नफ्यातला 0 किंवा 100% वाटा हे उत्तर फक्त कागदावर. मिलर-मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये दाखवलं की गुंतवणूक तीच राहिली, टॅक्स आणि खर्च नसले, तर डिव्हिडंडनं काही फरक पडत नाही, किंमत हलते ती गुंतवणुकीच्या दर्जानं. आपल्याकडे मात्र 2020 पासून डिव्हिडंडवर आपल्या स्लॅबनं टॅक्स लागतो, तेव्हा वरच्या स्लॅबवाल्यांनी r थोडा कमी असला तरी लगेच डिव्हिडंड मागू नये.