नासणे, फाटणे आणि आपला विसरलेला किलाट

प्रश्न : पनीरसाठी आपण दूध 'फाडतो' की 'नासवतो'? नासणं म्हणजे खराब होणं ना? आणि अंडं उकडल्यावर घट्ट होतं त्याला 'गोठणं' म्हणायचं का? आम्हाला शाळेत या सगळ्यालाच प्रथिनांचं विकृतीकरण म्हणून शिकवलं होतं.

नासवतो. फाडायचा तो कागद, नाहीतर कापड. 'दूध फाटलं' मला हिंदीतल्या 'फट गया'सारखं वाटतं आणि पनीरच्या प्रत्येक पाककृतीत ते ऐकून कान किटलेत. नासणं या शब्दाला घाण वास चिकटलाय म्हणून लोक तो टाळतात. पण त्याचा मूळ धातू नश्, म्हणजे दिसेनासं होणं, हरवणं. नासलेल्या दुधात हरवतं ते दूधपण, म्हणजे त्याचं एकजीव असणं. खाण्यालायक राहिलं की नाही, हा प्रश्न वेगळा.

आणि हे मी आजच्या सोयीसाठी म्हणत नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दुधाच्या पदार्थांमध्ये 'नष्टदुग्ध' आलंय. ते शिजवून जो गोळा हाती येतो त्याला तिथे 'किलाटक' म्हटलंय. नष्टदुग्ध म्हणजे आपलं नासकं दूध, शब्दाला शब्द! गोळा खाण्याचाच आहे आणि तरी दूध नष्टच आहे. विज्ञानाच्या मराठीत कोॲग्युलेशनला 'किलाटन' म्हणतात, तो शब्द या किलाटावरूनच आला. किलाटनाला 'बोजड संस्कृत' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. परिभाषेतले किती शब्द असे थेट चुलीवरच्या पातेल्यातून आलेत?

माझा खरा राग 'विकृतीकरण' या शब्दावर आहे. त्यात दोन निराळ्या घटना एकाच पोत्यात कोंबल्या जातात. प्रथिनाच्या साखळीची घडी उष्णतेने किंवा आम्लाने उलगडते, ही पहिली घटना. ती घडी कुठे बिघडली? ती सुटली. म्हणून मी 'उलगडणं' म्हणतो. मग सुटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकून जाळं किंवा गुठळी बनते, ती दुसरी घटना, आणि किलाटन फक्त तिचं नाव.

पनीरमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन असतं आणि त्याला घट्ट घडी अशी नसतेच, म्हणून दूध कितीही उकळलं तरी केसीनचं काही उलगडत नाही. त्याचे बारीक पुंजके ऋण प्रभारामुळे एकमेकांना दूर ठेवतात. लिंबाने तो प्रभार मरतो, पुंजक्यांना बांधणारं कॅल्शियम पाण्यात उतरतं आणि ते एकमेकांना चिकटतात. म्हणजे केसीन उलगडल्याशिवायच किलाटतं. उष्णतेने उलगडतात ती उरलेली, निवळीतली प्रथिनं. ती केसीनला जाऊन बिलगतात आणि पनीरसोबत फडक्यात राहतात. म्हणून दूध आधी 90 अंशांपर्यंत तापवायचं, थोडं उतरू द्यायचं आणि मगच आम्ल घालायचं. लिटरभर दुधाला साधारण 2 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे दोन मध्यम लिंबांचा रस, तोही कोमट पाण्यात मिसळून थोडाथोडा. पातेल्यातलं पाणी पांढुरकं आहे तोवर काम अर्धवट. ते हिरवट-पिवळं, आरपार दिसणारं झालं की हात थांबवायचा. त्यापुढे उकळत ठेवलं तर पनीर रबरासारखं चिवट होतं.

आता अंडं. अंडं नासलं म्हणजे सडलं, तिथे रूढी वेगळी आहे आणि ती मोडायचं कारण नाही. पण 'गोठलं' मात्र नाही. गोठतं ते थंडीने आणि ऊब दिली की परत वितळतं, जसं तूप. अंड्याचा पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास धरायला लागतो, 80 च्या पुढे कडक होतो आणि परत पातळ होत नाही. त्यातल्या प्रथिनांना घट्ट घडी असते, ती उष्णतेने सुटते आणि मग जाळं विणलं जातं. अंड्याला 'बांधलं' किंवा 'घट्ट झालं' म्हणा, नाहीतर सरळ किलाटलं म्हणा.

दूध अंड्यासारखं वागलेलं बघायचंय? खरवस करा. चिकात निवळीची प्रथिनं, त्यातही प्रतिपिंडं, भरपूर असतात, म्हणून लिंबाचा थेंब न घालता नुसत्या वाफेवर तो वडीसारखा बांधला जातो. चौथ्या दिवसाच्या चिकाचा खरवस धरत नाही, कारण तोवर ती प्रथिनं घटून साधं दूध यायला लागलेलं असतं. आमच्या घरी 'खरवस नासला' असं कुणी म्हणत नाही, 'खरवस बसला' किंवा 'बसला नाही' म्हणतात.